घड्याळावरच इंटरव्हल कसे लावायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या रनिंग ग्रुपमध्ये मंगळवारी पहाटे ट्रॅकवर इंटरव्हल असतात. त्यामुळे सोमवारी रात्री साडेनऊनंतर ग्रुपवर तेच ते प्रश्न येतात: वॉर्म-अप कुठे टाकायचा, रेस्ट संपतच नाही, 800 मीटर आधीच वाजतात. दर आठवड्याला तेच टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. उत्तरं गार्मिनच्या पाच बटणांच्या फोररनर घड्याळांसाठी आहेत, कारण ग्रुपमध्ये बहुतेकांच्या मनगटावर तीच आहेत. मॉडेलप्रमाणे मेनूतला एखादा शब्द इकडचा तिकडे होईल, पण रचना तीच राहते.

फोनला हात न लावता पूर्ण वर्कआउट घड्याळावर बनतो का?

बनतो, पण एकाच साच्याचा. आधी वॉर्म-अप, मग एक धाव आणि एक रेस्ट अशी जोडी ठराविक वेळा, शेवटी कूल-डाउन. सहा वेळा 800 मीटर, दहा वेळा 400 मीटर, आठ वेळा एक मिनिट जोरात आणि एक मिनिट हळू, हे सगळं या साच्यात बसतं. आपल्यासारख्या हौशी लोकांची बरीचशी इंटरव्हल याच प्रकारची असतात. प्रत्येक धाव वेगळ्या अंतराची हवी असेल तर मात्र साचा अपुरा पडतो. त्याबद्दल खाली लिहिलंय.

बरं, 6 × 800 मीटर लावायचंय. कोणतं बटण, कुठे?

डावीकडच्या तीन बटणांपैकी मधलं UP, तेच दाबून धरलं की मेनू उघडतं. उजवीकडे वर START, खाली BACK, आणि धावताना हेच BACK म्हणजे LAP. एवढं लक्षात ठेवा.

START दाबून Run निवडा, पण टायमर सुरू करू नका. आता UP दाबून धरा आणि या रस्त्याने जा:

```
Training > Intervals > Edit
```

नव्या मॉडेलवर Intervals च्या आत Open Repeats आणि Structured Repeats असे दोन पर्याय दिसतात. तिथे Structured Repeats घेऊन मग संपादनात शिरा. पुढे सगळीकडे सारखंच आहे. Interval मध्ये जाऊन आधी Type ठरवायचा आणि मग Duration मध्ये आकडा भरायचा. BACK ने बाहेर येऊन Rest मध्येही हेच करायचं. मग Repeat मध्ये 6, Warm Up ला On, Cool Down ला On. झालं. सवय झाली की हे सगळं ट्रॅकच्या गेटपासून शेडपर्यंत चालत जाताना उरकतं.

एक जागा मात्र हमखास फसवते. अंतराचं एकक किलोमीटर असेल तर 800 मीटर म्हणजे 0.80. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी 8.00 भरलं होतं. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या, घड्याळ वाजेना. काका पाचव्या फेरीला घड्याळ बिघडल्याची तक्रार करत आले. स्क्रीनवर ‘उरलेलं अंतर’ सहा किलोमीटर दाखवत होतं, ते काही त्यांनी पाहिलं नव्हतं. रेस्टचंही तसंच. दोन मिनिटं आणि दोन सेकंद यांत रकान्याचाच फरक असतो. भरून झालं की BACK दाबण्याआधी आकडा एकदा तोंडाने वाचा.

भरलेला वर्कआउट पुढच्या वेळी बदलेपर्यंत घड्याळात तसाच राहतो. म्हणजे पुढच्या मंगळवारी थेट Do Workout, आणि पळायला सुरुवात.

Type मध्ये Distance, Time, Open असं विचारतं. नेमकं काय घ्यायचं?

सगळ्या प्रश्नांमध्ये खरा प्रश्न हाच आहे, आणि यावर कोणी दोन मिनिटंही घालवत नाही. या तिन्हींतला फरक एवढाच की धाव संपली हे कोण ठरवणार.

Distance घेतलं तर ते जीपीएस ठरवतं. मोकळा, सरळसा रस्ता असेल तर हे छान चालतं. आजूबाजूला उंच इमारती किंवा दाट झाडी असेल, किंवा रस्ता सारखा वळत असेल, तर प्रत्येक 800 मीटर थोडं वेगळं निघतं. लांब पळताना दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे झाले तर कळतही नाही. पण 400 मीटरच्या धावेत ती मोठी चूक असते.

Time घेतलं तर घड्याळातलं घड्याळ ठरवतं, आणि ते चुकत नाही. नवख्या माणसाला मी पहिले दोन महिने Time च लावायला सांगतो. तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं हळू. जीपीएस काहीही दाखवो, शरीराने तीन मिनिटं काम केलं, हे तरी खरं राहतं.

Open घेतलं तर तुम्ही ठरवता. LAP दाबेपर्यंत धाव चालू राहते. लोक हा पर्याय ओलांडून जातात, कारण त्यात भरायला आकडाच नसतो आणि आकडा नाही म्हणजे काहीतरी अर्धवट आहे असं वाटतं. उलट ट्रॅकवर हाच सगळ्यांत अचूक आहे. जमिनीवर आखलेली रेष कुठल्याही उपग्रहापेक्षा खरी असते. रेषेवर पाय पडला की LAP.

आणि हे लक्षात घ्या, धावेला एक प्रकार आणि रेस्टला दुसरा असं चालतं. ट्रॅकवर माझी नेहमीची जोडी म्हणजे धाव Open आणि रेस्ट Time, दोन मिनिटं.

वॉर्म-अप लावला, दोन किलोमीटर झाले, तरी पहिला इंटरव्हल सुरूच होत नाही.

होणार नाही. घड्याळावर बनवलेल्या वर्कआउटमधला वॉर्म-अप कायम Open असतो, त्याला अंतर किंवा वेळ देता येत नाही. तो संपवायला LAP दाबावं लागतं. Do Workout निवडा, उपग्रह सापडल्याचा हिरवा इशारा येऊ द्या, START दाबा, हवं तेवढं हळू पळा, आणि तयार झालात की LAP. तिथून पहिला 800 सुरू.

मला तरी ही सोय आवडते. थंडीत पहाटे पाय मोकळे व्हायला पाच फेऱ्या लागतात, मे महिन्यात तीन पुरतात. शिवाय वॉर्म-अपनंतर पाणी प्यायचं, बुटाची नाडी घट्ट करायची, 80-100 मीटरचे तीन-चार वेगवान टप्पे घ्यायचे, हे सगळं वॉर्म-अपच्याच खात्यात बसतं आणि पहिल्या धावेचा आकडा बिघडत नाही.

कूल-डाउनही असाच उघडा आहे. तो शेवटी थांबून सेव्ह करेपर्यंत चालू राहतो.

रेस्टमध्ये थांबलो की रेस्टची वेळच थांबते. घड्याळ अडकलंय का?

अडकलेलं नाही. तुमचं Auto Pause चालू आहे. सिग्नलला थांबल्यावर टायमर थांबावा म्हणून कधीतरी लावलेलं असतं आणि मग विसरलेलं असतं. रेस्टमध्ये तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून उभे राहता, घड्याळाला वाटतं गडी थांबला, ते टायमर थांबवतं. रेस्टची दोन मिनिटं त्याच टायमरवर मोजली जात असल्याने उलटी मोजणीही गोठते. तुम्ही चालू लागता, ती पुन्हा सरकते. परिणाम असा की दोन मिनिटांची रेस्ट साडेतीन मिनिटांची होते आणि नोंदीत मात्र ती दोनच मिनिटांची दिसते. वर ‘आज सहाही धावा सारख्या आल्या’ म्हणून आपण खूश!

Run च्या सेटिंग्जमध्ये जाऊन Auto Pause बंद करा. रस्त्यावरच्या पळण्यासाठी हवंच असेल तर ट्रॅकसाठी Track Run ही वेगळी ॲक्टिव्हिटी वापरा आणि तिच्यात ते बंद ठेवा.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे रेस्टमध्ये सवयीने START/STOP दाबणारे लोक. त्यानेही टायमर थांबतो. वर्कआउट सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही.

मग रेस्ट किती आणि कशी लावू?

किती ते तुमच्या कोचला विचारा, त्यात मी पडत नाही. कशी लावायची ते सांगतो. Time लावलीत तर चालत असा, जॉग करत असा किंवा उभे असा, दोन मिनिटांनी पुढची धाव सुरू होणारच. Distance लावलीत, समजा 400 मीटर, तर ते अंतर कापल्याशिवाय रेस्ट संपत नाही. पाण्याच्या बाटलीपाशी उभे राहिलात तर घड्याळ शांतपणे वाट बघत बसतं. दमल्यावर जॉगचा वेग पडतो, म्हणजे अंतराची रेस्ट पाचव्या-सहाव्या वेळी आपोआप लांबते. कोणाला ती लवचीकता हवी असते, कोणाला नको. काय होतंय ते ठाऊक असलं की झालं.

Open रेस्ट मी फक्त दोनच वेळी लावतो. एक घाटात, दुसरी ग्रुपने एकत्र सुटायचं असेल तेव्हा. मागे राहिलेला भिडू येईपर्यंत थांबायचं, सगळे रेषेवर आले की एकदम LAP.

रेस्टचे शेवटचे काही सेकंद घड्याळ वाजून किंवा थरथरून सांगतं. ते ऐकू येत नसेल तर सिस्टिमच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये सूचनांचा आवाज आणि व्हायब्रेशन दोन्ही चालू आहेत का बघा. झोपमोड नको म्हणून बरेच जण ते बंद करून ठेवतात.

ट्रॅकवर 800 मीटर दोन फेऱ्या पूर्ण होण्याआधीच वाजतात. कधी उलटंही होतं. कोण चूक, ट्रॅक की घड्याळ?

यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पहिली लेनची. 400 मीटर हे फक्त पहिल्या, म्हणजे सगळ्यांत आतल्या लेनचं माप आहे. लेन 1.22 मीटर रुंद असते. एक लेन बाहेर सरकलात की वर्तुळ मोठं होतं आणि फेरीत साधारण साडेसात मीटर वाढतात. पहिलीतून दुसरीत जाताना थोडे कमी, सात. चौथ्या लेनची फेरी 422 मीटरच्या वर जाते. आमच्या मैदानावर पहाटे आतल्या दोन लेन चालायला येणाऱ्या आजी-आजोबांच्या ताब्यात असतात आणि तिथे कोणाचं काही चालत नाही. आपण मुकाट चौथ्या लेनमधून पळतो. दोन फेऱ्यांचे होतात 845 मीटर. म्हणजे Distance वर लावलेलं घड्याळ अंतिम रेषेच्या 45 मीटर आधी वाजलं तर ते बरोबर आहे, आपण चूक. किलोमीटरला 5:30 मिनिटं या पेसने हे 45 मीटर म्हणजे 15 सेकंद. ‘माझे 800 एवढे हळू कसे’ असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं उत्तर त्या 15 सेकंदांत असतं.

दुसरी गोष्ट जीपीएसची. घड्याळ ठरावीक अंतराने तुमची जागा नोंदतं आणि ते ठिपके जोडून अंतर काढतं. ट्रॅकचा निम्म्याहून जास्त भाग वळणाचा. वळणावर ठिपके सरळ रेषेने जोडले की कोपरा कापला जातो. शिवाय प्रत्येक ठिपका काही मीटर इकडेतिकडे डगमगतो, त्याने अंतर वाढतंही. त्यामुळे चूक एकाच दिशेची नसते. आज 790, पुढच्या धावेत 815. नंतर नकाशावर बघा, तुमची वाट ट्रॅकभोवती दोऱ्याच्या गुंत्यासारखी दिसेल.

उपाय दोन आहेत. सोपा उपाय मी वर सांगितलाच, धाव Open ठेवा आणि रेषेवर LAP दाबा. वेळ अगदी बरोबर येईल. नोंदीतलं अंतर मात्र जीपीएसचंच राहतं, म्हणून त्या धावेचा पेस डोळे झाकून मानू नका. समजा 800 मीटर 4:24 मध्ये मारले, खरा पेस 5:30. घड्याळाला ते 820 मीटर वाटले तर ते 5:22 दाखवेल. आठ सेकंदांचा आनंद फुकटचा. ट्रॅकवर वेळ वाचा, पेस वाचू नका.

दुसरा उपाय Track Run. त्यात सुरुवातीलाच लेनचा नंबर सांगायचा आणि त्याच लेनमधून तीन-चार फेऱ्या मारायच्या. घड्याळ ट्रॅकचा आकार शिकतं आणि पुढे फेरीचं अंतर चोख धरतं. वॉर्म-अपमध्येच या फेऱ्या होऊन जातात. अट दोन गोष्टींची: ट्रॅक प्रमाण 400 मीटरचा हवा, आणि लेन बदलायची नाही. शाळेच्या मैदानावर चुन्याने आखलेला 200 किंवा 250 मीटरचा गोल असेल तर Track Run लावू नका, तो 400 चा समजून गोंधळ घालेल.

मध्येच चुकून LAP दाबलं गेलं. आता?

आता ती धाव संपली आणि रेस्ट सुरू झाली. घड्याळात मागे जायची सोय नाही. मी काय करतो ते सांगतो. पळणं थांबवत नाही, रेषेपर्यंत धाव पूर्ण करतो, आणि तोवर रेस्टचा काटा पळू देतो. मग राहिलेली रेस्ट मनाशी मोजून पुन्हा LAP. नोंदीत एक धाव कापलेली दिसते, दिसू दे. घड्याळाचा हिशोब नीट दिसावा म्हणून सातवी धाव मारणारी माणसंही मी पाहिली आहेत. त्यांच्यापुढे हात टेकले.

फुल स्लीव्ह किंवा ग्लोव्ह घालून मनगट मागे वाकवलं की खालचं बटण दाबलं जातं. असं वारंवार होत असेल तर घड्याळ हाडाच्या दोन बोटं वर सरकवून बांधा. याचा आणखी एक फायदा खाली येतोच आहे.

धावताना पेसचा आकडा सारखा बदलतो. आणि हार्ट रेट तर इंटरव्हल संपल्यावर वर जातो!

दोन्ही आकडे उशिरा येतात, फक्त उशीर होण्याची कारणं वेगळी.

तात्काळ पेस हा गेल्या काही सेकंदांची सरासरी असतो. तुम्ही रेषेवरून सुटता तेव्हा त्यात अजून रेस्टमधल्या चालण्याचा अंश असतो, म्हणून पहिल्या 100 मीटरला तो 7:00 दाखवतो. तो बघून माणूस जोर लावतो आणि पुढच्या 200 मीटरला फसतो. स्क्रीनवर लॅप पेस ठेवा, आणि तोही पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर वाचा. ट्रॅकवर त्याहून बरं म्हणजे फेरीचा वेळ. 4:24 चे 800 म्हणजे एका फेरीला 2:12, अर्ध्या फेरीला 1:06. अर्ध्या फेरीवर 58 दिसले तर पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतंच.

हार्ट रेटचं असं की हृदयालाच नव्या कामाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि मनगटावरचा हिरवा प्रकाश ते ओळखायला आणखी वेळ घेतो. 200-400 मीटरच्या धावेत आकडा चढेपर्यंत धाव संपलेली असते. त्यामुळे छोट्या इंटरव्हलला हार्ट रेटचं लक्ष्य ठेवण्यात अर्थ नाही. चार-पाच मिनिटांच्या धावेत, शेवटच्या दोन मिनिटांत, त्याला थोडा अर्थ येतो. कधीकधी आकडा अचानक 175 वर जाऊन चिकटतो आणि तिथेच राहतो. अशा वेळी तुमचा पावलांचा ताल बघा, तोही मिनिटाला 175 च्या आसपास असेल. सैल बांधलेलं घड्याळ नाडी सोडून पावलांचा हादरा मोजत असतं. पट्टा एक भोक आवळा, घड्याळ वर सरकवा. ज्यांना हा आकडा खरंच हवा आहे त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा.

प्रत्येक धावेला पेसची हद्द लावता येते का, कमी-जास्त झालं की वाजेल अशी?

घड्याळावरच्या या साच्यात नाही. Run च्या सेटिंग्जमध्ये Alerts आहे आणि त्यात पेसचा इशारा लावता येतो, पण तो अख्ख्या रनला लागू होतो. त्याला धाव आणि रेस्ट कळत नाही. वॉर्म-अपमध्ये हळू आहात म्हणून वाजेल, रेस्टमध्ये तर वाजतच राहील. एका मंगळवारी मी हे करून बघितलं, तिसऱ्या रेस्टला शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘अहो, फोन उचला ना कुणाचा तो.’ फक्त धावेपुरतं लक्ष्य हवं असेल तर फोनवरून वर्कआउट बनवावा लागतो.

पिरॅमिड करायचंय, 400-800-1200-800-400. कसं बसवू?

Structured Repeats मध्ये बसत नाही, कारण तिथे धाव एकाच मापाची. घड्याळावरच भागवायचं असेल तर Open Repeats घ्या. त्यात काहीच भरायचं नसतं. LAP दाबलं की धाव, पुन्हा दाबलं की रेस्ट. किती फेऱ्या मारायच्या ते तुमच्या डोक्यात. पाच धावांचा पिरॅमिड लक्षात ठेवायला फार कठीण नाही. मी तळहाताच्या मागे पेनने 1-2-3-2-1 लिहितो, फेऱ्यांमध्ये. घामाने पुसलं जाईपर्यंत डोंगर उतरून झालेला असतो.

जुन्या मॉडेलवर Open Repeats नसेल तर धाव आणि रेस्ट दोन्ही Open लावा, Repeat 5. काम तेच.

वेळेच्या रेस्टसह आणि पेसच्या लक्ष्यासह नीट बांधलेला पिरॅमिड हवा असेल तर Garmin Connect मध्ये Workouts मधून बनवून घड्याळावर पाठवा. तो मग Training मधल्या Workouts खाली सापडतो.

घाटात चढाच्या धावा करायच्या असतील तर?

सातारा हिल हाफची तयारी करणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. यवतेश्वरच्या घाटासारख्या वळणावळणाच्या चढावर Distance लावू नका. एका बाजूला कडा असला की अर्धं आकाश झाकलं जातं आणि वळणांवर अंतर कापलं जातं. धाव Time वर ठेवा, 60 किंवा 90 सेकंद, आणि रेस्ट Open. वर गेलात, वाजलं, वळून चालत खाली या. खाली यायला किती वेळ लागेल ते उतारावर, ट्रकवर आणि गुडघ्यांवर अवलंबून असतं, म्हणून तो आकड्यात बांधायचा नाही. सुटायच्या दगडापाशी आलात की LAP. दर वेळी त्याच दगडापासून सुटलात तर 60 सेकंदांत कुठल्या खांबापर्यंत पोचलो हे प्रत्यक्ष दिसतं, आणि चढावर तेवढंच मोजमाप खरं.

ॲपल वॉचवर हे होतं का?

होतं, 2022 मध्ये आलेल्या watchOS 9 पासून. Workout मध्ये Outdoor Run च्या तीन ठिपक्यांतून Create Workout, मग Custom. त्यात Warmup, Work, Recovery, Cooldown असे तुकडे जोडता येतात आणि प्रत्येकाला वेळ, अंतर किंवा Open देता येतं. नव्या आवृत्त्यांत मांडणी थोडी बदलली आहे. तुकडे वेगवेगळ्या मापाचे चालतात, म्हणजे पिरॅमिड मनगटावरच बनतो. या बाबतीत ते गार्मिनच्या पुढे आहे. अडचण बटणाची. धावता धावता, घामेजल्या बोटाने स्क्रीनवर नेमकं टिचकी मारणं हे फोररनरच्या LAP इतकं सोपं नाही.

पावसाळ्यात हीच अडचण टचस्क्रीनच्या सगळ्या घड्याळांना येते. पावसाचे थेंब स्क्रीनला बोटांसारखेच वाटतात. ज्या फोररनरला टच आणि बटणं दोन्ही आहेत, तिथे जून ते सप्टेंबर पळताना टच बंद ठेवा.

झालं पळून. आता नोंदीत काय बघायचं?

माझ्याच एका मंगळवारची नोंद घेऊ. वर्कआउट 6 × 800, धाव Open, रेस्ट Time दोन मिनिटं. दहा किलोमीटर तासाभरात पळणाऱ्या माणसाचा हा वर्कआउट, म्हणून दर 800 ला 4:24 चं उद्दिष्ट. Garmin Connect मध्ये धावा आणि रेस्ट वेगवेगळ्या ओळींत येतात. धावांच्या ओळी अशा होत्या: 4:12, 4:20, 4:24, 4:27, 4:33, 4:41.

पहिली धाव 12 सेकंद जास्त वेगाने, आणि शेवटची पहिलीपेक्षा 29 सेकंद हळू. तिसरी उद्दिष्टावर अगदी बरोबर आहे, पण तिचं कौतुक नको, घसरणीत ती वाटेत लागली एवढंच. सरासरी काढली तर 4:26 येते आणि सगळं आलबेल वाटतं. म्हणूनच सरासरी बघायची नाही, ओळी बघायच्या.

मग रेस्टच्या ओळी. वेळ सगळीकडे 2:00, कारण Auto Pause बंद होतं. अंतर मात्र पहिल्या रेस्टमध्ये 265 मीटर, शेवटीशेवटी 170. म्हणजे सुरुवातीला मी जॉग करत होतो आणि नंतर चालत होतो, आणि तरीही धावा घसरत गेल्या. पाय दमले होते असं नुसतं म्हणून भागत नाही, ते या 95 मीटरमध्ये दिसतं. शेवटच्या धावेनंतर स्क्रीनवर आणखी एक रेस्ट आली असेल तर तिची ओळ यात धरू नका. मी ती LAP दाबून लगेच कूल-डाउनमध्ये ढकलतो.

पुढच्या मंगळवारी मी Edit मध्ये जाऊन फक्त Repeat 6 चा 5 केला. बाकी सगळं घड्याळात होतं तसंच होतं. पहिल्या धावेत अर्ध्या फेरीवर घड्याळ बघितलं, 1:05.